निकालपत्राचे सार : कन्येचा हिस्सा

विनीता शर्मा प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा 11 ऑगस्ट 2020 चा निकाल शंभराहून अधिक पानांचा आहे. सामान्य वाचकाने आधी परिच्छेद 129 वाचावा. न्यायालयाची उत्तरे तेथे एकत्र आहेत.

समजा, जळोचीतील एका जैन कुटुंबाची वडिलोपार्जित जमीन अविभक्त आहे. आई आधीच निवर्तली, वडील 2001 मध्ये वारले; मागे दोन पुत्र व एक विवाहित कन्या. हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे. त्या कन्येसाठी निकालाचे सार असे :

1. मुलीचा हक्क जन्मतःच असतो. 9 सप्टेंबर 2005 रोजी वडील हयात असण्याची अट नाही. म्हणून तिचा हिस्सा एक-तृतीयांश.

2. 20 डिसेंबर 2004 पूर्वी झालेली विक्री, तसेच नोंदणीकृत दस्ताने वा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी कायम राहते.

3. ‘तोंडी वाटप झाले होते’ एवढ्या सांगण्याने हक्क बुडत नाही. त्यास सरकारी कागदपत्रांचा भक्कम आधार लागतो.

वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीस हा निकाल लागू नाही. मात्र मृत्युपत्र नसल्यास तेथेही कन्या वारस असतेच. म्हणून प्रथम जुने फेरफार काढावेत. जमीन कोणाकडून आली आणि वाटणीची नोंद कधी झाली, हे त्यांवरून उमगते.