बाबांना 'मास', भावाला साधं रूप? जपानी तोंडी परीक्षेतली एक मराठी चूक



मोरा बंदरावरून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचची वेळ सांभाळून माझ्याकडे काही मुलं जपानी शिकायला येतात. परवा त्यांची पाच मिनिटांची तोंडी परीक्षा घेतली. अगदी पहिल्या पायरीची: नाव, घर, कुटुंब, आवडनिवड आणि शेवटी एक छोटा संवाद. त्यात एका मुलाने जी उत्तरं दिली, त्यावरून आपण शिकवताना कुठे चुकतो ते माझ्या लक्षात आलं. म्हणून हा लेख.

आधी जपानी न येणाऱ्या पालकांसाठी थोडंसं. जपानीत वाक्याचा शेवट दोन तऱ्हांनी करता येतो. 'जातो' हे 'इकिमास' असंही म्हणता येतं आणि 'इकु' असंही. अर्थ तोच. 'मास' आणि 'देस'ने संपणारं ते विनम्र रूप आणि 'इकु'सारखं ते साधं रूप. अनोळखी माणूस, शिक्षक, वरिष्ठ, दुकानदार यांच्याशी पहिलं. घरच्यांशी आणि जवळच्या मित्रांशी दुसरं.

आता त्या मुलाची उत्तरं बघा. मी विचारलं, वडील काय करतात? तो म्हणाला, 'चिची वा साकाना ओ तोरिमास.' म्हणजे बाबा मासे पकडतात. उत्तम. आई? 'हाहा वा साकाना ओ उरिमास.' आई मासे विकते. हेही उत्तम. धाकटा भाऊ? 'ओतोतो वा गाक्को ए इकु.' भाऊ शाळेत जातो. इथे 'इकु' आलं. मग घरच्या कुत्र्याबद्दल विचारलं, तर 'इनु वा कुरोइ' म्हणाला, म्हणजे कुत्रा काळा आहे, पण शेवटचं 'देस' गेलं. मित्राला काय आवडतं? 'कुरिकेत्तो गा सुकि.' पुन्हा 'देस' नाही.

पहिल्यांदा मला वाटलं, पोरगा घाबरला आणि शेवट गिळले. पण वहीत उत्तरं एकाखाली एक लिहिली आणि गंमत कळली. आई-बाबांना 'मास', आणि भाऊ, कुत्रा, मित्र यांना साधं रूप. हे विसरणं नव्हतं. तो नियम पाळत होता, फक्त तो नियम मराठीचा होता!

आपण म्हणतो, 'बाबा जातात' आणि 'भाऊ जातो'. ज्याच्याविषयी बोलतोय त्याचा मान क्रियापदात येतो. समोर कोण ऐकतंय याने काही फरक पडत नाही. मित्राशी बोलतानाही 'सर आले' म्हणायचं आणि सरांशी बोलतानाही 'भाऊ आला' म्हणायचं. जपानीतलं 'मास' याच्या अगदी उलट चालतं. ते ऐकणाऱ्यासाठी असतं. समोर परीक्षक बसलाय, म्हणून भाऊ असो, कुत्रा असो की पाऊस असो, वाक्य 'मास' किंवा 'देस'नेच संपायला हवं. 'गाक्को ए इकिमास' म्हटल्याने भावाला मान मिळत नाही, तो परीक्षकाला मिळतो. आणि मित्राशी गप्पा मारताना 'सेन्सेइ, किता?' म्हणजे 'सर आले का?' असं साध्या रूपात विचारलं, तर त्यात सरांचा अपमान होत नाही.

मग चूक कोणाची? माझ्या मते आपली, शिकवणाऱ्यांची. आपण पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहितो: 'मास म्हणजे आदरार्थी, साधं रूप म्हणजे अरेतुरे.' सोपं वाटतं, मुलांना लगेच पटतं. पण 'आदरार्थी' हा शब्द ऐकला की मराठी मूल लगेच 'कोणाविषयी आदर?' असा विचार करतं, 'कोणासमोर?' असा नाही. आपल्या 'जातात'चं खरं भावंड जपानीत वेगळंच आहे. ज्याच्याविषयी बोलतो त्याला मान देणारी क्रियापदं तिथे स्वतंत्र आहेत, आणि 'मिन्ना नो निहोन्गो' या आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या पुस्तकात ती थेट 49व्या धड्यात येतात. पहिल्या पायरीच्या मुलाला त्यांची गरजच नाही. त्यामुळे 'आदरार्थी' हा शब्द मी आता फळ्यावर लिहीत नाही. मी फक्त एकच प्रश्न विचारायला शिकवते: 'ऐकतंय कोण?'

दुसरी गोष्ट त्या 'अरेतुरे'ची. बहुतेक मराठी घरांत मूल आईला 'तू' म्हणतं. त्यात कोणाला अपमान दिसत नाही, जवळीक दिसते. जपानी साधं रूपही तसंच जवळिकीचं आहे. ते वाईट रूप आहे असं मुलांच्या मनात बसलं की पुढे वेगळीच अडचण उभी राहते. त्याच पुस्तकात साध्या रूपातला संवाद 20व्या धड्यात येतो, आणि 21 व 22व्या धड्यात असं कळतं की विनम्र वाक्याच्या पोटातही साधं रूपच लागतं. 'काल खाल्लेला मासा छान होता' हे 'किनो ताबेता साकाना वा ओइशिकात्ता देस' असं होतं. यातलं मधलं 'ताबेता' साधं, शेवटचं 'देस' विनम्र. साध्या रूपाला घाबरलेलं मूल इथे 'ताबेमाशिता साकाना' म्हणतं आणि वाक्य मोडतं. तेव्हा मुलांना सांगायचं ते असं: विनम्रतेची जागा वाक्याच्या शेवटी आहे. पोटात काय आहे याची काळजी परीक्षक करत नाही, तो शेपूट ऐकतो.

आता परीक्षेत निवड कशी करायची? जेएलपीटी या प्रसिद्ध परीक्षेत बोलण्याचा भागच नसतो, त्यामुळे एन5 उत्तम गुणांनी पास झालेलं मूलही इथे अडखळतं. कागदावर चारांतून एक पर्याय निवडणं वेगळं आणि माणसासमोर वाक्य संपवणं वेगळं. माझं मत सरळ आहे. पहिल्या पायरीवर परीक्षकाशी होणारं सगळं बोलणं 'देस-मास'मध्येच ठेवावं. परीक्षक वयाने लहान असला, हसून बोलला, तरीही. उद्या नोकरीत एखादा जपानी साहेब 'वाकात्ता?' म्हणजे 'कळलं का?' असं साध्या रूपात विचारेल. त्याला 'वाकात्ता' म्हणून परत करायचं नाही, 'हाइ, वाकारिमाशिता' म्हणायचं. आपले सर 'आलास का?' विचारतात तेव्हा आपण 'हो सर, आलो' म्हणतो, 'आलास का' असं उलट विचारत नाही. हे मुलांना एका क्षणात कळतं.

अपवाद फक्त शेवटच्या संवादाचा. माझ्या परीक्षेत चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'मित्राला रविवारी धक्क्यावर बोलवा.' परीक्षक आता मित्राचं सोंग घेतो. इथे 'इश्शोनि इकिमासेन का' हे चालतं, थोडं औपचारिक वाटलं तरी चूक नाही. 'इश्शोनि इकानाइ?' हे जास्त नैसर्गिक. पण एकदा साधं रूप धरलं की सोंग संपेपर्यंत तेच धरायला हवं: 'उन, इकु', 'नान्जि नि आउ?' आमच्या मुलाने 'इकानाइ?' असं झकास विचारलं, मग 'हाइ, इकिमास' म्हणाला आणि शेवटी 'नान्जि?' एवढंच. ऐकणाऱ्याला कळेना, समोर मित्र आहे की साहेब. ज्या मुलाला साध्या रूपात चार वाक्यं सलग बोलता येत नाहीत, त्याने चिठ्ठीवर मित्र असला तरी 'मास' सोडू नये, असा सल्ला मी देते. आणि सोंग संपलं, परीक्षक 'आरिगातो गोझाइमाशिता' म्हणाला, की त्याच क्षणी परत 'देस-मास'वर यायचं.

आणखी एक जागा सांगते, कारण ती कोणी शिकवत नाही. प्रश्न कळला नाही की मूल दचकतं आणि तोंडातून 'ए? नानि?' निघतं, होकारासाठी 'उन' निघतं. ॲनिमे बघणाऱ्या मुलांचं तर हमखास, कारण तिथली पात्रं बहुतेक वेळ मित्रांशीच बोलत असतात. म्हणून 'सुमिमासेन, मो इचिदो ओनेगाइशिमास', म्हणजे 'माफ करा, पुन्हा एकदा सांगा', हे वाक्य इतकं घोटून घ्यावं की घाबरल्यावर तेच बाहेर पडेल.

घरी सराव कसा घ्यायचा? पालकांना जपानी यायची गरज नाही. मोबाइलवर मुलाची पाच मिनिटं रेकॉर्ड करा. मग मुलाला ते ऐकवत प्रत्येक वाक्याचा फक्त शेवटचा शब्द कागदावर लिहायला सांगा, आणि शेजारी ते वाक्य कोणाविषयी होतं ते. 'देस, मास, माशिता' यांसारख्या विनम्र शेवटांखेरीज काही दिसलं तर त्याला गोल करा. गोल इकडेतिकडे विखुरलेले असतील तर ती घाई आहे, सावकाश बोलल्याने जाईल. गोल भाऊ, मांजर, मित्र यांच्यापाशीच जमले असतील तर तो मराठीचा नियम आहे. तो सावकाश बोलल्याने जाणार नाही, समजावून सांगावा लागेल.

गुण देणाऱ्या सहकाऱ्यांना एक विनंती. युरोपीय चौकटीत ए1 पातळीला अपेक्षा एवढीच आहे की रोजच्या व्यवहारातली सगळ्यात सोपी विनम्र रूपं वापरता यावीत. मूल 'इकु' म्हणून लगेच 'इकिमास' असं स्वतःच सुधारत असेल तर गुण कापू नका. त्याला ऐकणाऱ्याची जाणीव झाली, हेच तर शिकवायचं होतं. कापायचेच असतील तर ज्याला पाच मिनिटांत एकदाही ती जाणीव झाली नाही, त्याचे कापा.

आमच्या मुलाला मी त्याचा कागद दाखवला. तीन गोल, तिन्ही धाकट्यांपाशी. तो बघत राहिला आणि म्हणाला, 'म्हणजे बाई, कुत्र्याबद्दल बोलतानापण तुम्हाला 'देस'?' मी म्हटलं, हो रे, मलाच.