फ्लॅट घेताय? आधी टॅक्सचं गणित मांडा!

सॅम्पल फ्लॅट बघायला गेलात की सेल्सवाला हमखास सांगतो, ‘सर, होम लोन घ्या, साडेतीन लाखांवर टॅक्स वाचतो!’ ते खोटं नसतं, पण अर्धवट असतं.

हे साडेतीन लाख दोन खिशांतून येतात. तुम्ही स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर वर्षाला 2 लाखांपर्यंत वजावट मिळते. मुद्दलाची फेड मोजली जाते ती आपल्या ओळखीच्या ‘80सी’च्या 1.5 लाखांत. तिथं तुमचा पीएफ आधीच जागा अडवून बसलेला असतो.

आता उदाहरण घेऊ. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी 40 लाखांचं कर्ज. हप्ता साधारण 34,700 रुपये. पहिल्या वर्षी त्यातले जवळपास 3 लाख 37 हजार व्याजात जातात आणि मुद्दल फिटतं जेमतेम 80 हजार. म्हणजे व्याजातल्या वरच्या 1 लाख 37 हजारांवर तुम्हाला काहीच मिळत नाही.

शिवाय इमारत बांधून पूर्ण होऊन ताबा मिळेपर्यंत यातलं काहीच हाती लागत नाही. त्याआधीचं व्याज नंतर पाच वर्षांत समान भागांत दाखवता येतं, पण तेही त्याच 2 लाखांच्या मर्यादेत. ती तर चालू व्याजानंच भरलेली!

खरी गोम पुढेच आहे. या दोन्ही वजावटी फक्त जुन्या कररचनेत मिळतात. 2023-24 पासून नवी रचना आपोआप लागू होते; जुनी हवी असेल तर ती तुम्हाला निवडावी लागते.

मग निवडायची का? समजा पगार 15 लाख आहे. जुन्या रचनेत 50 हजारांची स्टँडर्ड वजावट आणि वरचे पूर्ण साडेतीन लाख वजा केले, तर 11 लाखांवर सेससकट 1,48,200 रुपये टॅक्स बसतो. नव्या रचनेत 2025-26 च्या दरांनी, नुसती 75 हजारांची स्टँडर्ड वजावट घेऊन तो होतो 97,500. होम लोनची सगळी वजावट वापरूनही जुनी रचना 50,700 रुपयांनी महागच!

जुनी रचना परवडायला याच पगारावर आणखी सुमारे 1 लाख 94 हजारांच्या वजावटी लागतील. ताब्याची वाट बघत भाड्यानं राहणाऱ्याला एचआरए मिळतो, पण त्या काळात व्याजाची वजावट नसते. ताबा मिळून नव्या घरात राहायला गेलात की व्याजाची वजावट येते आणि एचआरए जातो.

तेव्हा हप्ता झेपतो का, हे टॅक्सची बचत शून्य धरूनच तपासा. त्या साडेतीन लाखांच्या भरवशावर खोली वाढवू नका. आणि ऑफिसात डिक्लरेशन भरण्याआधी दोन्ही रचनांचा टॅक्स एकदा शेजारी शेजारी मांडून बघा.