पन्नास बॉम्बचा हिशेब : होमी भाभांच्या भाषणात नसलेला खर्च

१/
२४ ऑक्टोबर १९६४. चीनने लोप नोरच्या वाळवंटात पहिला अणुस्फोट केला, त्याला आठच दिवस झाले होते. संयुक्त राष्ट्र दिनाच्या निमित्ताने डॉ. होमी भाभा आकाशवाणीवरून बोलले. विषय निःशस्त्रीकरणाचा होता. परंतु श्रोत्यांच्या लक्षात राहिला तो एक हिशेब. पन्नास अणुबॉम्बचा साठा दहा कोटी रुपयांच्या आत आणि प्रत्येकी दोन मेगाटनांच्या पन्नास हायड्रोजन बॉम्बचा साठा सुमारे पंधरा कोटींत उभा राहू शकतो, असे त्यांनी सांगितले.

२/
त्या वर्षी भारताचा संरक्षणखर्च सुमारे आठशे कोटी रुपये होता आणि संरक्षणमंत्रिपदी यशवंतराव चव्हाण होते. १९६२ च्या पराभवाची जखम अजून ओली होती. अशा वेळी दहा कोटींचा आकडा कोणालाही मोहात पाडणारा होता. ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत प्लुटोनियम तयार होत होते आणि ते वेगळे करणारा कारखानाही तेथेच उभा राहिला होता. त्यामुळे भाभांचे बोलणे हवेतले नव्हते. तरीही तो हिशेब अपुरा होता. शीतयुद्धाचा गाभा समजून घ्यायचा, तर तो नेमका कोठे अपुरा पडला हे पाहणे उद्बोधक ठरते.

३/
आधी भाभांचे काय बरोबर होते ते पाहू. पुरेशी अण्वस्त्रे बाळगणारा देश आपल्याहून कितीतरी बलाढ्य शत्रूलाही धाकात ठेवू शकतो, हा त्यांचा मुद्दा. त्याचा पुरावा दोनच वर्षांपूर्वी क्युबात मिळाला होता. ऑक्टोबर १९६२ मध्ये अमेरिकेची अण्वस्त्रे सोव्हिएत संघाच्या कित्येक पट होती. अमेरिकेपर्यंत पोहोचणारी सोव्हिएत क्षेपणास्त्रे जेमतेम काही डझन होती. म्हणूनच तर ख्रुश्चेव्ह यांनी मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे क्युबात नेली.

४/
२१ ऑक्टोबरला अध्यक्ष केनेडी यांनी हवाई हल्ल्याविषयी विचारणा केली. जनरल स्वीनी यांचे उत्तर प्रामाणिक होते : सारे मनाजोगे घडले, तरी माहीत असलेल्या क्षेपणास्त्रांपैकी सुमारे नव्वद टक्केच नष्ट होतील. उरलेल्या दहा टक्क्यांत एखादे अमेरिकी शहर बेचिराख होण्याची शक्यता दडली होती. प्रचंड वरचढ असलेल्या राष्ट्राचा हात त्या अनिश्चिततेने धरला. हल्ल्याऐवजी समुद्री नाकेबंदीचा मार्ग निवडला गेला. अखेर क्युबातील क्षेपणास्त्रे परत गेली आणि त्या बदल्यात तुर्कस्तानातील अमेरिकी क्षेपणास्त्रे काढून घेण्याचे वचन गुप्तपणे दिले गेले.

५/
मग भाभांच्या हिशेबात काय राहिले? त्यात बॉम्बची किंमत होती. शत्रूचा पहिला घाव सोसून तो बॉम्ब शिल्लक राहील, याची किंमत नव्हती. त्यांचे आकडे अमेरिकेने शांततापूर्ण स्फोटांसाठी जाहीर केलेल्या दरांवर बेतलेले होते. अण्वस्त्रांचे विशाल कारखाने आधीच उभे असलेल्या देशाचे ते दर होते. शिवाय ती किंमत स्फोटकाची होती. ते वाहून नेणारे विमान वा क्षेपणास्त्र, ते लपवण्याची जागा, शत्रूची चाहूल देणारी यंत्रणा आणि आदेश पोहोचवणारी साखळी यांचा खर्च निराळा.

६/
हा फरक किती मोठा, हे ब्रिटनने अनुभवले होते. १९५७ पर्यंत ब्रिटनने हायड्रोजन बॉम्बची चाचणी केलेली होती. तो वाहून नेण्यासाठी ‘ब्लू स्ट्रीक’ हे क्षेपणास्त्र विकसित होत होते. पण ते एकाच जागी खिळलेले, आणि द्रवरूप प्राणवायू ऐनवेळी भरूनच उडणारे. जेऊरचे रेल्वे स्थानक नकाशावर आज जेथे आहे, तेथेच उद्याही सापडेल. एका जागी रोवलेल्या क्षेपणास्त्राचेही तसेच असते. शत्रूला त्याचा पत्ता पाठ असतो. ते सज्ज होईपर्यंत शत्रूचे क्षेपणास्त्र येऊन कोसळणार, हे लक्षात येताच एप्रिल १९६० मध्ये ब्रिटनने मोठा खर्च करून झालेला तो प्रकल्प सोडून दिला. डिसेंबर १९६२ मध्ये अमेरिकेकडून पाणबुडीवरील पोलॅरिस क्षेपणास्त्रे घेण्याचा करार करावा लागला. ब्रिटनपाशी बॉम्ब होता. त्याला सुरक्षित आसरा नव्हता.

७/
परस्परांच्या विनाशाची हमी या कल्पनेचे मर्म येथे आहे. अमेरिकेचे संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांनी साठच्या दशकात तिला आकड्यांचे रूप दिले. पहिला आघात सोसल्यानंतरही शत्रूची पाचव्या ते तिसऱ्या हिश्श्यापर्यंत लोकसंख्या आणि निम्मे वा त्याहून अधिक उद्योग नष्ट करता आले पाहिजेत, असा तो निकष होता. ‘आघात सोसल्यानंतर’ हे त्यातील कळीचे शब्द. शत्रूच्या पहिल्या घावातच नष्ट होऊ शकणारी अण्वस्त्रे धाक निर्माण करत नाहीत. उलट ती मोह निर्माण करतात. शत्रूला ती आधीच उडवावीशी वाटतात आणि ती बाळगणाऱ्याला ती गमावण्यापूर्वी वापरावीशी वाटतात. संकटकाळात दोन्ही बाजूंना घाई होते, आणि घाई हीच अण्वस्त्रयुगातील सर्वांत घातक गोष्ट होय.

८/
पण उलट घावाची हमी मिळाली, म्हणजे शांतता आपोआप नांदते, असेही नाही. क्युबा संकटातील २७ ऑक्टोबरचा दिवस याची साक्ष देतो. त्या दिवशी क्युबावर अमेरिकेचे यू-टू विमान पाडले गेले. त्याच दिवशी समुद्रात अमेरिकी युद्धनौका एका सोव्हिएत पाणबुडीला वर येण्यास भाग पाडण्यासाठी इशाऱ्याचे स्फोटक गोळे टाकत होत्या. त्या बी-५९ पाणबुडीवर अण्वस्त्रधारी टॉर्पेडो होता, याची त्या नौकांना कल्पनाच नव्हती. केनेडी आणि ख्रुश्चेव्ह दोघेही मागे सरकू पाहत असताना निर्णय त्यांच्या हातून निसटून एका कप्तानाच्या हाती जाऊ शकला असता. धाक शहाण्या नेत्यांना रोखतो. अपघाताला आणि गैरसमजाला तो रोखत नाही. म्हणूनच १९६३ मध्ये मॉस्को आणि वॉशिंग्टन यांच्यात थेट संदेशवाहिनी आली.

९/
१९६४ मध्ये लालबहादूर शास्त्री यांनी बॉम्ब बनवण्यास नकार दिला. भूमिगत शांततापूर्ण स्फोटाच्या अभ्यासाला मात्र त्यांनी वाट मोकळी ठेवली. त्यांच्या या निर्णयाला पुष्कळदा भित्रेपणा ठरवले जाते. हा आरोप न्याय्य नाही. त्या काळी भारताने पन्नास बॉम्ब बनवले असते, तरी चीनच्या प्रमुख शहरांपर्यंत ते खात्रीने पोहोचवील असे साधन भारताजवळ नव्हते. धाकाशिवाय धोका तेवढा पदरी पडला असता.

१०/
भाभा २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँवरील विमान अपघातात गेले. त्यांच्या हिशेबात नसलेली रक्कम भारत पुढे अनेक दशके भरत राहिला. २००३ मध्ये जाहीर झालेल्या धोरणात भारताने अण्वस्त्रांचा प्रथम वापर न करण्याचे वचन दिले. पहिला घाव सोसण्याची तयारी ज्याने जाहीर केली, त्याला उलट घाव जपणे अपरिहार्यच असते. ‘अरिहंत’ ही अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी २०१६ मध्ये नौदलात आली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये तिची पहिली धाकफेरी पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. तिच्या अणुभट्टीची घडण भाभांचेच नाव लावणाऱ्या ट्रॉम्बेच्या संस्थेने केली.

११/
अण्वस्त्रसज्ज देशाची ताकद बॉम्बच्या संख्येवरून मोजण्याची सवय आजही सुटलेली नाही. विचारायचे ते दोन प्रश्न : पहिल्या घावानंतर त्यातले किती उरतील? आणि ते वापरण्याचा निर्णय ऐन गोंधळात कोणाच्या हाती असेल? १९६४ च्या त्या भाषणात पहिल्या प्रश्नाची किंमत धरलेली नव्हती. दुसऱ्याची किंमत तर पैशांत मांडताच येत नाही.