चोविसांतून एक

पूर्वी फिल्मच्या एका रिळावर फार तर छत्तीस छायाचित्रे निघत. त्यामुळे कळ दाबण्यापूर्वीच माणूस विचार करी. निवड आधी होई, चित्र मागाहून. आता हा क्रम उलटला आहे. अनेक मोबाइलांत कळ धरून ठेवली, की एका सेकंदात सुमारे दहा छायाचित्रे निघतात. याला ‘बर्स्ट’ म्हणतात. परिणामी निवडीचे काम सहलीहून परतल्यावर अंगावर येते, आणि बहुतेक घरांत ते तसेच पडून राहते.

वस्तुतः कुटुंबाच्या चित्रासाठी ही सोय मोठी उपयुक्त आहे. माणसाची पापणी मिनिटाला सरासरी पंधरा वेळा तरी लवते. सात माणसे ओळीने उभी राहिली, तर दर अर्ध्या-पाऊण सेकंदाला कोणाची ना कोणाची पापणी लवणारच. एकच चित्र काढणाऱ्याला हा जुगार खेळावा लागतो. चोवीस काढणाऱ्याला तो खेळावा लागत नाही. मात्र मागाहून डोळे ताणावे लागतात!

असे समजा, की एक कुटुंब सिंहगडावर गेले आहे. पिठले-भाकरी झाली, दह्याची मडकी रिकामी झाली, आणि तटापाशी आजी, आजोबा, आई, आत्या व तीन मुले उभी राहिली. वडिलांनी कळ धरून ठेवली. अडीच सेकंदांच्या आत चोवीस चित्रे निघाली. लहान आकारात पाहिली, तर सगळी सारखीच! इथेच पुष्कळांची फसगत होते. बोटभर चित्रात मिटलेला डोळा दिसत नाही आणि पुसट चेहराही रेखीव भासतो.

पहिल्या फेरीत फार बारकाईने पाहण्याचे कारण नाही. आरंभीच्या पाच चित्रांत मुले अजून जागा शोधीत आहेत, शेवटच्या चारांत मंडळी पांगू लागली आहेत. ही नऊ गेली. उरली सहा ते वीस. आता प्रत्येक चित्र मोठे करून एकेका चेहऱ्यावर यावे, आणि प्रथम डोळे पाहावेत. नऊ, दहा व अकरा यांत आजीची पापणी मिटलेली आहे. सहाव्यात आजोबांची आणि सतरा-अठरात आईची पापणी अर्धी उतरली आहे. अर्धी पापणी पुरत्या मिटलेल्या पापणीहून वाईट. तिने जागा माणूसही पेंगुळलेला दिसतो. चौदा ते सोळा यांत धाकट्याने मान वळवली, म्हणून त्याचा चेहरा फराटला आहे.

हा पुसटपणा कशाचा, ते ओळखता येते. सगळे चित्र एकाच दिशेने ओढल्यासारखे दिसले, तर हात हलला. तटाचे दगड रेखीव आणि चेहऱ्याच्या कडा मात्र ओढलेल्या, तर माणूस हलला. चेहरा सर्व बाजूंनी मऊ आणि मागचे दगड स्पष्ट, तर कॅमेऱ्याची नजर भलतीकडे गेली. कारण कोणतेही असो, असा चेहरा मागाहून नीट सुधारता येत नाही. याउलट तिरपे झालेले क्षितिज सरळ करता येते, किंचित अंधारलेले चित्र उजळता येते. म्हणून या दोषांपायी चांगले चित्र टाकून देणे हा उतावळेपणा होय.

आता सात, आठ, बारा, तेरा, एकोणीस व वीस एवढीच उरली. येथून पुढे दोन-दोन चित्रांची जोडी लावावी. सरस ठरेल ते हाती ठेवावे आणि पुढचे त्याच्याशी ताडून पाहावे. सहाही एकदम समोर मांडली, तर मन गोंधळते. सात आणि आठ यांत भेद नाही, एक पुरे. एकोणीस-वीसही तशीच. या चौघांतही सगळे निर्दोष आहेत. पण जणू कवायतीला उभे! बाराव्यात धाकटा काहीतरी बोलला आहे, आजी त्याच्याकडे वळून हसते आहे आणि आत्याने ओठ दाबून हसू आवरले आहे. तेराव्यात तेच हसू आहे, परंतु वाऱ्याने आत्याची ओढणी आईच्या तोंडावर आणली आहे. तेव्हा बारावे ठेवावे. त्याचे क्षितिज थोडे कलले आहे, ते सरळ करून घ्यावे. आजी कॅमेऱ्याकडे पाहत नाही, अशी तक्रार कोणी करील; ती मानू नये.

मात्र एकच चित्र ठेवण्याचा हट्ट सर्वत्र धरणे बरोबर नाही. थोरला मुलगा कट्ट्यावरून उडी मारतो, तेव्हा झेप, अधांतरी देह आणि जमिनीला टेकलेले पाय अशी तीन चित्रे मिळून एक गोष्ट होते. चौथे घातले, तर तिच्यात काही वाढत नाही.

काढून टाकताना उगीच हात कचरतो. आयफोनसारख्या फोनवर पुसलेली चित्रे लगेच नष्ट होत नाहीत. ती सुमारे ३० दिवस ‘Recently Deleted’ या कप्प्यात राहतात. तेवढ्या मुदतीत आत्याने आपले हसू आवडले नाही म्हणून विसावे चित्र मागितले, तर ते परत काढून देता येते.