आजीचं लुगडं 'स्टिकर' का वाटलं?

आमच्या इंदूरच्या घरात आजीचा एकच फोटो. खालचा भाग ओलीने गेलेला, लुगडं दिसेचना. भाच्याने तिच्याच जपून ठेवलेल्या माहेश्वरीचा मोबाईलवर फोटो काढला, काळा-पांढरा केला, तिथे बसवला. मावशी बघताक्षणी म्हणाली, "अगं, हे तर स्टिकर लावलंय!"

अशा वेळी लोक जुना फोटोच गुळगुळीत करतात. मला ते पटत नाही. त्यात आजीचा चेहराच पुसला जातो. नव्यानेच जुन्यासारखं व्हावं.

आम्ही आधी धूसरपणा जुळवला. बांगडीची कड चार पिक्सेलांत विरत होती, म्हणून काठही तेवढाच विरेपर्यंत ब्लर केला. दाणा त्यानंतर घातला, कारण आधी घातला तर ब्लरमध्ये तोही जातो. तयार नॉइज एकेका पिक्सेलचा, बारीक असतो. जुन्या फोटोतला दाणा गुठळ्यांचा. म्हणून नॉइज वेगळ्या लेअरवर घेऊन किंचित ब्लर केला, करड्या भागात जास्त ठेवला.

तरी काहीतरी खटकत होतं. ३०० टक्के मोठं केल्यावर कळलं: स्कॅन व्हॉट्सॲपवरून आलेला, त्यात चौकोनी ठोकळे, आणि लुगडं स्वच्छ! मग लुगडं स्कॅनएवढ्याच कॅनव्हासवर, त्याच जागी ठेवून एकटंच कमी क्वालिटीच्या जेपेगमध्ये सेव्ह केलं, म्हणजे ठोकळे एका रांगेत येतात, आणि परत बसवलं.

आता मावशीलाही जोड सापडत नाही. म्हणूनच प्रिंटच्या मागे पेन्सिलीने लिहिलंय: 'लुगडं नंतर बसवलेलं.' मूळ स्कॅन वेगळा ठेवलाय.