मजकूर फोनमध्येच राहिला तरी



‘फेडरेटेड लर्निंगमध्ये माहिती फोनबाहेर जातच नाही, मग भीती कसली?’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे अर्धेच खरे आहे. मोबाइलच्या कीबोर्डवर पुढचा शब्द सुचवणारे मॉडेल घ्या. तुम्ही टाइप केलेला मजकूर फोनवरच राहतो, सर्व्हरकडे जातात ते मॉडेलमधले बदल. पण या मॉडेलात प्रत्येक शब्दाची आकड्यांची स्वतंत्र ओळ असते आणि साधारणपणे तुम्ही वापरलेल्या शब्दांच्याच ओळी बदलतात. ‘केमोथेरपी’ची ओळ हलली, की बदल पाहणाऱ्याला तो शब्द कळला. अशा बदलांवरून मूळ चित्रे आणि वाक्ये परत मिळवता येतात, हे 2019 मध्ये संशोधकांनी दाखवून दिले आहे. शिवाय तयार झालेले मॉडेल एखाद्याचा विरळा मजकूर पाठ करून बसू शकते, ते वेगळेच.

या पाठांतराला डिफरन्शियल प्रायव्हसी आळा घालते. प्रत्येकाच्या बदलाला ठरावीक कमाल मर्यादा घालायची आणि बेरजेत यादृच्छिक गोंगाट मिसळायचा, म्हणजे तुम्ही सहभागी असा वा नसा, मॉडेल जवळपास तेच निघते. स्पॅनिश कीबोर्डसाठी फेडरेटेड लर्निंग आणि डिफरन्शियल प्रायव्हसी एकत्र वापरल्याचे गूगलने 2022 मध्ये जाहीर केले. मात्र गोंगाट सर्व्हरवर मिसळला जात असेल, तर सुटे बदल सर्व्हरला दिसतातच; ते टाळायला फक्त बेरीज उघड करणारी सुरक्षित पद्धत वेगळी लागते. गोंगाट वाढवला, तर कमी वापरातले शब्द मॉडेल नीट शिकत नाही, त्यामुळे तो कमी ठेवण्याचा मोह होऊ शकतो. म्हणून कंपन्यांनी गोंगाटाचे प्रमाण जाहीर करावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

– एक वाचक, पुणे