बटण दाबले, तरी संगणक निश्चल

महिनाअखेरीस पेढीवरील संगणकाचे बटण दाबावे आणि पंखाही हलू नये, तेव्हा दोष यंत्रात आहे की नुसत्या बटणात, हे आधी ठरवावे. वीज पोहोचते आहे याची खात्री करून मग वायर काढावी व कॅबिनेटची बाजू उघडावी. मदरबोर्डच्या कडेला बारीक पिनांचा गट असतो. बटणाची तार तेथील PWR_SW अशी खूण असलेल्या दोन पिनांवर येते. ती सैल असल्यास नीट बसवावी.

तरीही यश न आल्यास ती जोडणी काढूनच ठेवावी, कारण आत अडकून राहिलेले बटण पुढील परीक्षा फसवते. वायर पुन्हा लावून त्या दोनच पिनांना स्क्रूड्रायव्हरचे टोक क्षणभर एकदम टेकवावे. बटणही एवढेच करीत असते. येथे विजेचा दाब अत्यल्प असतो, तथापि शेजारच्या पिनांना स्पर्श होऊ देऊ नये.

पंखे फिरले, तर दोष बटणाचा किंवा तारेचा. मग रीसेट बटणाची जोडणी PWR_SW वर बसवावी. नवे बटण मिळेपर्यंत रीसेट दाबून संगणक सुरू होतो, बिले अडत नाहीत. पंखे फिरले नाहीत, तर पॉवर सप्लाय किंवा मदरबोर्ड तपासून घ्यावा लागेल. सप्लायची पेटी मात्र स्वतः उघडू नये. वायर काढल्यावरही तिच्यात धोकादायक विद्युत्भार उरतो.